पगारातून कटणारा पतसंस्थेचा हप्ता बाळंतपणाच्या रजेत कोण भरते?

पऱ्हाटी_समुद्रपूर
नमस्कार सगळ्यांना. मी हिंगणघाटकडे एका सूतगिरणीच्या ऑफिसात आहे, सहा वर्षं झाली. पगार १७,५०० च्या घरात. जानेवारीच्या २० तारखेच्या आसपास डिलिव्हरी सांगितली आहे म्हणून १ डिसेंबरपासून रजा टाकून राहिली. २६ आठवडे ईएसआयचे पैसे भेटतील, म्हणजे ३१ मेपर्यंत. पण सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि घरी बाळाजवळ दुसरं कोणी नाही, म्हणून जून जुलै ऑगस्ट असे तीन महिने बिनपगारी रजा घ्या लागन. साहेब हो म्हणाले.

आता कर्जाचं सांगते. घराच्या स्लॅबसाठी आमच्या कामगारांच्या पतसंस्थेतून कर्ज उचललं होतं, डिसेंबरात १,८०,००० बाकी राहते. दर महिन्याला मुद्दल ५,००० आणि बाकी रकमेवर वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज, पगारातूनच कटते, मला कधी पाहाच नाही लागलं. दुसरा गाडीचा हप्ता २,९५० चा, फायनान्स कंपनी ५ तारखेला बँकेतून ओढते. मिस्टरांची चार एकर शेती आहे, कापूस सोयाबीन, आणि जूनमधे तर पेरणीच असते, बियाणं खत सगळं त्याच पंधरा दिवसांत, त्यामुळे नेमक्या माझ्या बिनपगारी महिन्यांत त्यांच्याजवळ काही राहत नाही.

माझा प्रश्न फक्त जून ते ऑगस्टचा आहे. तोपर्यंत पैसे येऊन राहिले म्हणजे डिसेंबर ते मे काही टेन्शन नाही असं मी समजून आहे. संस्थेत आत्ताच जाऊन बोलू का मेमधे बोलू? आत्ता बोललं तर नाव खराब होईल का?

गजानन_वणी
ताई कर्ज माफ व्हाची वाट पाहा. २०१७ ला झालं, मग २०१९ च्या शेवटी अजून झालं. आमच्या गावात ज्यांनं वेळेवर भरलं तो पस्तावला. आता कर्जमाफी आली की सातबाऱ्यावर बोजा असन तरच भेटते. बँकेत पुनर्गठन करून घ्या.

पऱ्हाटी_समुद्रपूर
दादा माझं पीककर्ज नाही, पतसंस्थेचं आहे, पगारावरचं. सातबाऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

गजानन_वणी
अच्छा अच्छा. मले वाटलं शेतीचं. मग माह्यं सोडून द्या.

चंद्रपूरकर_७७
माझ्या माहितीप्रमाणे मोरेटोरियम मागायचा. आरबीआयनं कोरोनात सगळ्यांना दिला होता, नियम आहे तो, अर्ज केला की सहा महिने हप्ता थांबवावाच लागते. आणि मॅटर्निटीचा पगार २६ आठवडे कंपनीनं द्यायचा असते कायद्यानं, तो कंपनीकडूनच मागा, मग त्यातून कपात होत राहील.

जुना_सचिव
ताई, मी एका कर्मचारी पतसंस्थेत २१ वर्षं सचिव होतो, आता निवृत्त आहे. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तुम्ही जून ते ऑगस्टची काळजी करता, पण तुमचा पहिला हप्ता डिसेंबरातच थकणार आहे आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

ईएसआयचे पैसे गिरणीच्या पगारपत्रकातून येत नाहीत. ते महामंडळाकडून थेट तुमच्या बँक खात्यात येतात. चंद्रपूरकर साहेब म्हणतात तो २६ आठवड्यांचा कायदा बरोबर आहे, पण ज्या बाईला ईएसआय लागू आहे तिला ते पैसे मालकाऐवजी ईएसआयच देते. मग १ डिसेंबरनंतर गिरणीच्या पगारपत्रकात तुमच्या नावापुढे पगार शून्य. आणि पतसंस्थेचा हप्ता कापला जातो तो पगारपत्रकातून. आपण कर्ज घेताना लिहून देतो की माझ्या पगारातून कापून संस्थेला द्या, सहकार कायद्याचं कलम ४९ म्हणतात ते. पगार असेल तर मालक कापून देतो. पगारच नाही तर तो कुठून कापणार.

होते कसं ते सांगतो. संस्था दर महिन्याला वसुलीची यादी पगार विभागाला पाठवते. महिनाअखेरीस ती यादी परत येते, तुमच्या नावापुढे "रजेवर, पगार नाही" असा शेरा. आमच्या कारकुनानं तो आकडा थकबाकीच्या रकान्यात टाकला की झालं. बँकेत पैसे नसले की निदान मेसेज येतो, दंड कटतो, माणूस खडबडून जागा होतो. इथं मेसेज नाही, फोन नाही, काहीच नाही. मी माझ्या काळात अशा किती तरी बाया पाहिल्या की खात्यात पैसे पडून आहेत आणि संस्थेच्या वहीत त्या थकबाकीदार आहेत.

म्हणून डिसेंबर ते मे हे सहा हप्ते तुम्हाला स्वतः नेऊन भरायचे आहेत. पहिला ६,८००, मग ६,७५०, असं दर महिन्याला ५० नं कमी होत मेचा ६,५५०. सहाचे मिळून ४०,०५०. ईएसआयचे पैसे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पगारासारखे पडतीलच असं धरू नका, कागद पुढेमागे झाले की दोन महिन्यांचे एकदम येतात. त्यामुळे डिसेंबर जानेवारीचे दोन हप्ते जाण्याआधीच बाजूला काढा.

पऱ्हाटी_समुद्रपूर
काका हातपाय गार पडले वाचून. हे मला कोणीच सांगितलं नाही, पगार विभागातल्या दादालाही विचारलं होतं तर तो म्हणाला काही होत नाही आरामात जा.

बाभूळबन
मी दुसऱ्या बाजूनं सांगतो, राग मानू नका ताई. मी जमानतदार आहे. आमच्या इथल्या एका मॅडमच्या कर्जावर मी सही केली, चांगल्या बाई, माझा काही वाद नाही त्यांच्याशी. त्या बाळंतपणाला गेल्या, मग रजा वाढवली. मला काहीच माहीत नाही. चौथ्या महिन्यात माझ्या पगार चिठ्ठीवर ३,४०० रुपये जास्त कटलेले, मी क्लार्ककडं गेलो तर तो म्हणे तुम्ही जामीन आहात, अर्धे तुमचे आणि अर्धे दुसऱ्या जमानतदाराचे. माझ्या मुलीची फी होती त्या महिन्यात. बाईला फोन केला तर बाई रडायला लागल्या, त्यांना वाटत होतं आपले हप्ते चालूच आहेत. मग मीच गप बसलो. त्यांनी नंतर परत केले पैसे, तीन वेळा थोडे थोडे करून, पण ऑफिसात आमचं बोलणं पहिल्यासारखं राहिलं नाही.

त्यांनी रजेवर जायच्या आधी मला एक शब्द सांगितला असता तर मी स्वतः त्यांचा हप्ता महिन्याच्या महिन्याला नेऊन भरला असता त्यांच्याच पैशानं. तुमचे जमानतदार कोण आहेत त्यांना आज सांगा.

पऱ्हाटी_समुद्रपूर
माझे दोघं आहेत, एक टाइमकीपर दादा आणि एक माझ्याच टेबलवरची ताई. दोघांनाही सांगितलं नाही अजून. उद्याच सांगते.

नेहा_पुलगाव
माझं थोडं वेगळं आहे पण लिहिते. मी नोकरीत नव्हती, शिवणकाम करायची, गटाच्या कर्जाचा दर आठवड्याला ६४० रुपये हप्ता. बाळ झालं तवा दीड महिना मशीनला हात नाही लावला. मी कोणाला बोललीच नाही, लाज वाटे. मग गटातल्या बाया माझ्या दारात मीटिंग घ्यायला लागल्या, ओली बाळंतीण मी, आणि सगळ्या अंगणात बसून, कंपनीचा पोरगा वही घेऊन, संध्याकाळी सात वाजता. नंतर कळलं की सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येणं त्यांना मनाच आहे. पण तेव्हा कुठं माहीत होतं. आईनं कानातले गहाण ठेवून भरले. मला वाटते गटातल्या बायांनाच मी सातव्या महिन्यात सांगितलं असतं तर त्यांनी आपसात सांभाळून घेतलं असतं, त्याबी बायाच आहेत ना.

चंद्रपूरकर_७७
सचिव साहेब, ईएसआयचं कबूल. पण मोरेटोरियमचं काय, ते तर खरं आहे ना.

जुना_सचिव
ते त्या वेळेपुरतं होतं साहेब, १ मार्च २०२० ते ३१ ऑगस्ट २०२०. आता कोणाला हप्ता थांबवून मागायचा हक्क नाही, मागता येते, देणं त्यांच्या मर्जीवर. आणि त्या वेळेसही व्याज चालूच होतं, हप्ता फक्त पुढे ढकलला होता. दुसरं म्हणजे यांची पतसंस्था आरबीआयखाली येतच नाही, ती सहकार खात्याखाली येते. काही बिनसलं तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जायचं. गाडीचं कर्ज मात्र फायनान्स कंपनीचं आहे, तिथं आरबीआयचे नियम लागतात. हप्ता चुकला तर कंपनी दंड लावू शकते पण तो दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, २०२४ पासून हे बंद आहे. कंपनीकडं लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडं टाकता येते.

आर्वीकर_मोटर
गाडीच्या हप्त्याचं सोपं आहे, बँकेत जाऊन तो आपोआप कटायचा मँडेटच बंद करून टाका तीन महिने. बाउन्सचा दंड दोन्हीकडून लागते, बँकेचा वेगळा कंपनीचा वेगळा, तो वाचते. मी केलं होतं.

जुना_सचिव
बँकेचा दंड वाचला तुमचा, तेवढं खरं. पण हप्ता तर थकलाच. कंपनी सिबिलला नियमित माहिती पाठवते, तिथं किती दिवस थकले ते उमटते. ९० दिवसांच्या वर गेलं की खातं एनपीए. २,९५० चे तीन हप्ते म्हणजे ८,८५०. ताई, तुमच्या घरी डिसेंबर जानेवारीत कापूस विकला जाईल तेव्हा हे ८,८५० त्या बँक खात्यात वेगळे ठेवा आणि हात लावू नका. ५ तारखेचा हप्ता असेल तर ३ तारखेलाच शिल्लक पाहायची. छोटं कर्ज आहे, त्यासाठी कोणाच्या दारात जाऊ नका. बोलायची गरज आहे ती पतसंस्थेत.

पऱ्हाटी_समुद्रपूर
मिस्टर म्हणून राहिले की कापूस विकला की पतसंस्थेत २०,००० एकदम भरून टाकू, म्हणजे जून ते ऑगस्टचे हप्ते आधीच भरल्यासारखे होतील. ते तीन हप्ते १९,३५० होतात मी आत्ताच हिशेब केला (६,५००, ६,४५०, ६,४००). असं चालन का?

जुना_सचिव
हिशेब बरोबर केला. पण इथंच लोक फसतात. तुम्ही खिडकीवर २०,००० दिले आणि काही बोलल्या नाहीत तर कारकून ते मुद्दलात जमा करेल. मुद्दल कमी होईल, व्याज कमी लागेल, ते चांगलंच. पण जूनचा हप्ता जूनमध्ये पुन्हा मागितला जाईल, कारण तुमचं कर्ज लवकर फिटेल इतकंच झालं, जूनचा हप्ता भरला असं झालं नाही. पावतीवर "जून, जुलै, ऑगस्टचे आगाऊ हप्ते" असं लिहून घ्यायचं, आणि त्याआधी संस्थेत विचारायचं की तुमच्या इथं आगाऊ हप्ता धरतात का.

सोनेगाव_मास्तर
माझा अनुभव उलटा आहे. मी राष्ट्रीयीकृत बँकेत गृहकर्जात ६०,००० जास्तीचे भरले होते, पुढचे काही महिने पगार उशिरा झाला, हप्ता गेला नाही तरी खातं थकीत दाखवलं नाही. मॅनेजर म्हणाले तुम्ही ठरलेल्या शिल्लकीच्या खाली आहात म्हणून.

जुना_सचिव
मास्तर, काही बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं होते, खरं आहे. काहींत होत नाही. म्हणूनच म्हणतो विचारून पावतीवर घ्या. पतसंस्थेत तर सॉफ्टवेअर कोणतं आणि बसवणारा कोण यावर सगळं.

आणि ताई, कापसाचे सगळे पैसे संस्थेत नका घालू. जूनमध्ये बियाण्याला सावकाराकडे जायची पाळी आली तर १२ टक्के वाचवून महिन्याचे तीन किंवा पाच टक्के भरत बसाल. त्यापेक्षा हे करा.

संस्थेला आत्ता अर्ज द्या, रजेवर जायच्या आधी. दोन गोष्टी मागा. एक, डिसेंबर ते मे हप्ता मी रोख किंवा खात्यातून भरीन, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत, तो थकीत धरू नये. दोन, जून जुलै ऑगस्ट या तीन महिन्यांत फक्त व्याज घ्यावं आणि मुद्दलाचे तीन हप्ते कर्जाच्या शेवटी जोडावे. मेपर्यंत तुम्ही ३०,००० मुद्दल फेडलेलं असेल, बाकी १,५०,०००. त्याचं महिन्याचं व्याज १,५००. तीन महिन्यांचे ४,५००. म्हणजे १९,३५० च्या जागी ४,५०० मध्ये ते तीन महिने निभतात. कर्ज तीन महिने लांबेल आणि जास्तीचा खर्चही तेवढाच, ४,५०० रुपये. बियाण्याचे पैसे हातात राहतील.

काहीच न भरता राहिलात तर ऑगस्टच्या शेवटी १५,००० मुद्दल आणि ४,५०० व्याज असे १९,५०० थकलेले दिसतील, वर दंडव्याज, आणि दोन्ही जामीनदारांना पत्र.

नेहा_पुलगाव
काका अर्ज कोणाच्या नावानं द्यायचा, सचिवाच्या का अध्यक्षाच्या?

जुना_सचिव
अध्यक्ष/सचिव असं दोन्ही लिहायचं, पण महत्त्वाचं वेगळं आहे. हप्त्यात बदल करायचा अधिकार सचिवाला नसतो, संचालक मंडळाला असतो. मंडळाची सभा महिन्यातून एकदाच. सभेच्या आठ दिवस आधी अर्ज पोचला तर विषयपत्रिकेवर येतो, नाही तर पुढच्या महिन्यावर जातो. मेच्या शेवटी अर्ज दिला असता तर तो जूनच्या सभेत आला असता, आणि जूनचा हप्ता तोपर्यंत थकलाच असता. तुमच्या "आत्ता का मेमध्ये" याचं उत्तर हेच.

अर्जासोबत ईएसआयच्या दवाखान्याचा अपेक्षित तारखेचा दाखला आणि बिनपगारी रजा मंजूर झाल्याचं पत्र जोडा. साहेब तोंडी हो म्हणाले म्हणता ना, ते कागदावर घ्या आधी, मंडळातला एखादा हमखास विचारतो की बाई सप्टेंबरात परत येणार याची खात्री काय. आणि दोन्ही जामीनदारांची संमतीची सही लागेल. त्यांना न विचारता कर्जाची मुदत वाढवली तर ते उद्या म्हणू शकतात आम्ही जामिनातून मोकळे, म्हणून संस्था सहीशिवाय ठराव करत नाही. मंजूर झालं की ठरावाची प्रत मागा, ठराव क्रमांकासहित. तोंडी "हो जी, होऊन जाईल" याला काही अर्थ नाही, उद्या मंडळ बदलू शकते. दर महिन्याची वर्गणी कापली जाते ना? तीही बंद पडेल, तिचंही अर्जात लिहा.

नाव खराब होण्याचं म्हणाल तर, माझ्या टेबलावर आधी येऊन सांगणाऱ्या माणसाला मंडळानं नाही म्हटलेलं मला फार कमी आठवते. आधीच तीन हप्ते थकवून मग अर्ज घेऊन आलेल्याला मात्र मंडळ सरळ बोलत नसे, आणि तेव्हा माझ्याही हातात काही राहत नसे.

पऱ्हाटी_समुद्रपूर
(सात दिवसांनी)
सांगायला आली. दोन्ही जमानतदारांना आधी सांगितलं. टेबलवरच्या ताईनं लगेच सही केली आणि म्हणाली तुझा हप्ता मीच नेऊन भरत जाईन, तू पैसे टाकत जा माझ्या खात्यात. टाइमकीपर दादा जरा घुटमळले, म्हणाले घरी विचारतो. दुसऱ्या दिवशी सही दिली पण खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "तीन महिन्यांपुरतीच." मला बरंच वाटलं ते, त्यांचं बरोबर आहे.

रजेचं पत्र साहेबांनी दिलं, त्यासाठी चार चकरा मारा लागल्या. अर्ज दिला, आवक नंबर टाकून पोच घेतली.

बाभूळबन
दादांनी लिहिलं ते चांगलं केलं. मी पण तसंच लिहायला पाहिजे होतं.

चंद्रपूरकर_७७
दंडव्याज तर लावणार नाहीत ना या तीन महिन्यांत? अर्जात लिहिलं का ते?

पऱ्हाटी_समुद्रपूर
ते नाही लिहिलं. काका ते लिहायचं होतं का?

जुना_सचिव
ठराव मंजूर झाला तर त्या महिन्यांत मुद्दल थकीतच नाही, मग दंड कशावर लावणार, असं माझं मत. पण काही संस्थांच्या पोटनियमांत वेगळं असते. सभेआधी सचिवांना विचारून घ्या आणि ठरावात "दंडव्याज न आकारता" हे तीन शब्द टाकायला सांगा. पोटनियमाची प्रत सभासद म्हणून तुम्हाला मागता येते.

आणि एक राहिलं. बाळ वेळेआधी झालं किंवा बाळंतपणामुळे तुमची तब्येत बिघडली, तर ईएसआयमध्ये डॉक्टरच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पैसे मिळतात. तसं न होवो, पण दवाखान्यात माहीत असू द्या.

पऱ्हाटी_समुद्रपूर
(अजून तीन आठवड्यांनी)
सभा झाली. डिसेंबर ते मेचं मान्य, हप्ता १० तारखेपर्यंत भरला तर थकीत धरणार नाहीत. फक्त व्याजाचं मात्र दोनच महिन्यांचं दिलं, जून आणि जुलै. ऑगस्टचं म्हणाले तेव्हाच्या सभेत पाहू, एक संचालक म्हणाले सगळ्या बाया असंच मागतील. दंडव्याजाचे शब्द टाकले ठरावात. प्रत भेटली, सही शिक्क्यासहित.

ऑगस्टचा ६,५०० चा हप्ता राहतो म्हणजे. जूनपासून मुद्दल थांबलं तर बाकी १,५०,००० वरच राहील म्हणून ६,५०० च धरला, बरोबर ना काका? तेवढे कापसाच्या पैशातून काढून पोस्टात वेगळे ठेवायचं ठरलं मिस्टरांशी, आणि गाडीचे ८,८५०. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑगस्टसाठी परत अर्ज देईन.

जुना_सचिव
बरोबर, ६,५००. पण जूनचा पहिला आठवडा नको. तेव्हा पेरणीची धांदल आणि बाळ साडेचार महिन्यांचं. मेचा हप्ता भरायला तुमची ताई जाईल ना १० तारखेला, त्याच दिवशी तिच्या हातून अर्ज पाठवा.

पऱ्हाटी_समुद्रपूर
हो काका. आत्ताच लिहून तिच्याजवळ देऊन ठेवते, तारीख तेवढी कोरी.